थोरल्या घरचा महाळ आणि चौदा चुलींची वर्गणी



आजचं बोलणं बचत गटाच्या बैठकीतलं नाही, आमच्या भावकीच्या बैठकीतलं आहे. सफाळ्याजवळच्या आमच्या गावात थोरलं घर आहे. देव्हारा तिथे, कुलदेवीचे टाक तिथे, आणि भाद्रपदात पितरांचं पानही तिथेच पडतं. भाऊबीजेला सगळी घरं जमतात, माहेरवाशिणीही येतात. या वर्षी त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सहा सुना ओटीवर उभ्या राहिलो आणि दर घरामागे वर्षाची वर्गणी ठरवावी, असं मांडलं. पंधरा मिनिटं बोललो. काय बोललो ते ऐकून दोन-तीन गटांतल्या बायकांनी विचारलं, आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, तुम्ही नेमकं कसं मांडलंत? म्हणून तेच बोलणं आज तुमच्यापुढे ठेवतो.

घरच्यांपुढे आम्ही असं बोललो:

मोठ्यांना नमस्कार. आज सगळे जमलात म्हणून एक गोष्ट विचारतो. सर्वपित्रीला आपण इथे जेवलो. तांदूळ कुठून आले, तेल कुणी आणलं, गुरुजींची दक्षिणा कुणाच्या हातून गेली, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? आम्हांलाही नव्हतं. वाढायला आम्ही होतो, भांडी घासायला आम्ही होतो, पण खर्चाचा कागद कुणी पाहिलेला नव्हता. म्हणून या वेळी थोरल्या घरच्या काकींना विचारलं. त्यांनी वाण्याची चिठ्ठी, दूधवाल्याची वही आणि बाकीचं तोंडी सांगितलं. ते आम्ही एका कागदावर लिहिलं.

महाळाला लहानमोठी धरून नव्वद पानं झाली. वाणसामान 3,700 रुपयांचं झालं. त्यात बारा किलो तांदूळ, डाळी, पाच लिटर तेल, गूळ-साखर, तूप आणि नारळ आले. खिरीचं दूध 700 रुपये. भाजी 1,500 रुपये, कारण त्या पंधरवड्यात गवार, भेंडी, भोपळा सगळंच महाग असतं. गॅस आणि सरपण 1,000. मोठी पातेली आणि ताटं भाड्याने आणली, ते 900. गुरुजी आणि पूजेचं साहित्य 2,500. बेरीज झाली 10,300. केळीची पानं वाडीतली होती, त्यांचे पैसे धरलेले नाहीत.

वर्षात एवढंच होत नाही. नवरात्रात घट बसतो आणि अखंड दिवा असतो, त्याला तेल, फुलं, नैवेद्य मिळून 2,200 रुपये लागतात. चैत्रात कार्ल्याला एकवीरेला जातो. तिथली ओटी, साडी, खण-नारळ आणि गोडाचा व तिखटाचा असे दोन्ही नैवेद्य मिळून 3,000. देव्हाऱ्यातलं रोजचं तेलवात आणि सणाची फुलं महिन्याला सव्वाशे धरली तर वर्षाचे 1,500. सगळं मिळून 17,000 रुपये होतात.

आता हे 17,000 आज कुठून येतात ते सांगतो. महाळाला काही घरं पाचशे देतात, काही नारळ-पेढे घेऊन येतात, काही फक्त जेवून जातात. यात कुणाचा दोष नाही, कारण किती द्यायचं हे कुणी कधी सांगितलंच नाही. या वर्षी महाळासाठी पाच घरांनी मिळून 3,500 रुपये दिले. उरलेले 6,800 थोरल्या घराने घातले. काका होते तेव्हा त्यांच्या पगारातून ते निघत असत आणि कुणाला कळत नसे. काका गेले, पगार गेला, पण महाळ तेवढाच राहिला.

दुसरी गोष्ट वेळेची आहे. जूनमध्ये शाळेची वह्या-पुस्तकं आणि बियाणं, जुलैत लावणीची मजुरी, भाद्रपदात गणपती, आणि गणपती जाऊन चार-आठ दिवस होत नाहीत तोच पितृपक्ष लागतो. भात अजून शेतात उभं असतं. कापणी-झोडणी दिवाळीच्या आसपास. म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा खर्च अशा महिन्यात येतो, जेव्हा गावातल्या कुठल्याच घरात पैसा नसतो. म्हणून त्या वेळी हात पसरला तर कुणी नाही म्हणत नाही, पण देतही नाही. तेव्हा पैसे त्या महिन्यात गोळा करायचेच नाहीत. ज्या महिन्यात हाताशी असतात त्या महिन्यात करायचे.

आमचं म्हणणं असं आहे. दर चुलीमागे वर्षाला 1,500 रुपये, दोन हप्त्यांत. 750 रुपये तुळशीच्या लग्नाला, भात घरात आल्यावर. आणि 750 रुपये अक्षय्य तृतीयेला. तो दिवसही पितरांचाच आहे, त्या दिवशी आपण त्यांच्या नावाने पाण्याचा घडा देतो. लक्षात ठेवायला सोपं जाईल.

1,500 च का, हे विचाराल. आपल्या चौदा चुली आहेत. 17,000 ला चौदाने भागलं तर 1,214 येतात. मग साडेबाराशे का नको? हिशेब करून पाहा. साडेबाराशेने 17,500 जमतात. एक घर मागे राहिलं की 16,250 होतात आणि खर्च निघत नाही. दर वर्षी चौदाही घरं वेळेवर देतील असं धरून चाललो, तर पहिल्याच वर्षी थोरल्या घरावर पुन्हा भार येईल. 1,500 ने 21,000 जमतात. दोन घरांना एखाद्या वर्षी जमलं नाही, कुणाचं आजारपण निघालं, तरी 18,000 हातात राहतात आणि त्या घरांना कुणाला तोंड द्यावं लागत नाही. सगळ्यांनी दिले तर 4,000 शिल्लक पडतात, ते पुढच्या वर्षाला. दोन वर्षांच्या शिलकीतून आपली स्वतःची मोठी पातेली घेता येतील, म्हणजे भाड्याचे 900 वाचतील.

चूल कशी मोजायची तेही आजच ठरवू, कारण भांडण तिथेच होतं. ज्यांचा स्वयंपाक वेगळा, ती वेगळी चूल. दोन भाऊ एका घरात राहतात पण जेवण एकत्र आहे, तर ती एकच चूल. या वर्षी वेगळे झाले तर पुढच्या वर्षापासून मोजायचं. एकटी राहणारी बाई असेल तर अर्धी चूल, आणि तिला तेही जमत नसेल तर काहीच नको. माहेरवाशिणींकडून वर्गणी मागायची नाही. पण एखादीने आपल्या आईच्या नावाने स्वतःहून दिलं, तर ते घ्यायचं आणि तिच्याच नावाने लिहायचं, नवऱ्याच्या नावाने नाही.

रोख देणं जड असेल तर वस्तू चालेल. घरचा तांदूळ, नारळ, भाजी. मात्र ती कधी आणि किती हे आधी सांगायचं, आणि त्या दिवशीच्या बाजारभावाने वहीत लिहायचं. नाहीतर चार घरांनी तांदूळ आणला आणि तेल कुणीच नाही, असं होतं. बारा किलो तांदूळ लागतो. त्याहून जास्त तांदूळ वर्गणीत धरता येणार नाही.

कार्ल्याच्या गाडीचं भाडं आम्ही यात मुद्दाम धरलेलं नाही. जे जातात त्यांनी ते आपापसात वाटून घ्यायचं. ओटी आणि नैवेद्य सगळ्यांच्या नावाने असतो, म्हणून तेवढाच खर्च सगळ्यांचा.

सख्यांनो, इथपर्यंत आमचं बोलणं झालं आणि प्रश्न सुरू झाले. ते प्रश्न तुमच्याकडेही निघतील, म्हणून तेही सांगतो.

मुंबईहून आलेल्या धाकट्या काकांनी विचारलं, "पितरांच्या कामाला हिशेब कशाला? ज्याला जमेल त्याने द्यावं, श्रद्धेने द्यावं." आम्ही म्हटलं, काका, हिशेब आजही होतोच. वाणी लिहितो, दूधवाला लिहितो. फक्त तो एकाच बाईच्या नावावर लिहिला जातो. आम्ही तो चौदा नावांवर लिहा म्हणतोय. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी कागद मागून घेतला आणि बेरीज स्वतः करून पाहिली.

बोईसरला कारखान्यात असणारे दादा म्हणाले, "पैसे ठेवणार कुठे? कुणाच्या घरात ठेवले की उद्या त्याच्यावरच बोट." हा प्रश्न खरा होता. गटाचं काम करताना आम्ही हे पाहिलेलं आहे. कुणीतरी लगेच सुचवलं, तुमच्या बचत गटाच्या खात्यात ठेवा. त्याला आम्ही साफ नाही म्हटलं. गटाच्या खात्यातला पैसा गटाच्या सभासदांचा असतो. त्यात भावकीचे 20,000 मिसळले, तर गटाची बचत किती आणि बाहेरचे किती हे लेखापरीक्षणात सांगता येत नाही. गटाचं बँकेचं कर्जही त्यामुळे अडकू शकतं. कुठल्याही सखीने आपल्या गटाचं खातं अशा कामाला देऊ नये.

मग ठरलं ते असं. गावात राहणाऱ्या दोघांच्या नावे संयुक्त बचत खातं काढायचं, एक थोरल्या घरातलं आणि एक दुसऱ्या घरातलं, आणि पैसे काढायला दोघांच्याही सह्या लागतील असं बँकेला अर्जातच लिहून द्यायचं. दोघंही गावातली हवीत, कारण एक सही विरारला आणि एक इथे असेल तर आयत्या वेळी गाडी पकडून कोण येणार? अशा दोन सह्यांच्या खात्याला बँका सहसा एटीएम कार्ड देत नाहीत. ते आपल्या सोयीचंच आहे. बाहेरगावच्या घरांना मात्र मोबाइलवरून खात्यात पैसे भरता येतात.

यात एक धोका आहे, तोही बैठकीत सांगितला. बँकेच्या लेखी हे पैसे भावकीचे नसतात, ज्यांच्या नावावर खातं त्या दोघांचे असतात. त्यातला एक वारला तर खातं थांबतं, आणि त्याच्या वारसांचे कागद होईपर्यंत पैसे मिळत नाहीत. म्हणून दोन गोष्टी करायच्या. खातं काढताना वारसदाराचं नामांकन भरायचं. आणि एका साध्या कागदावर लिहायचं, की हे पैसे चौदा घरांचे आहेत, देवकार्यासाठी आहेत, खातेदारांचे किंवा त्यांच्या वारसांचे नाहीत. त्यावर सगळ्या घरांच्या सह्या घ्यायच्या, खातेदारांच्या घरातल्यांच्याही. कागदाचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. आणि फार पैसा साठू द्यायचा नाही. एका वर्षाच्या खर्चापेक्षा जास्त शिल्लक पडायला लागली की वर्गणी कमी करायची.

तिसरा प्रश्न आमच्याच जावेने विचारला. "एखाद्या वर्षी सुतक आलं तर? महाळ झालाच नाही तर पैसे परत का?" आमच्याकडे असं झालेलं आहे. पितृपक्षातच भावकीत कुणी गेलं आणि सर्वपित्री चुकली. आमचे गुरुजी सांगतात, की पितृपक्षात अडचण आली तर सूर्य वृश्चिक राशीत जाईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, महालय करता येतो. तेव्हा पैसे परत करायचे नाहीत. सुतक फिटल्यावर तिथी बघून तो करायचा. तेही जमलं नाही तर रक्कम पुढच्या वर्षात ओढायची आणि अक्षय्य तृतीयेचा हप्ता तेवढा कमी घ्यायचा.

शेवटचा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही, पण सगळ्यांच्या मनात होता. जो देणार नाही त्याचं काय? यावर आम्ही आधीच आपसात बोललो होतो. गटात आपण थकबाकी वाचून दाखवतो, कारण तिथे सगळ्यांच्या घामाचा पैसा कर्जाने दिलेला असतो. इथे तसं करायचं नाही. वर्षाच्या हिशेबात एकूण जमा, एकूण खर्च आणि शिल्लक एवढंच वाचायचं. कुणाच्या नावापुढे किती बाकी हे वहीत राहील, तोंडावर येणार नाही. दोन बायकांनी त्या घरी जाऊन चहा पिता पिता विचारायचं. वर्गणी दिली नाही म्हणून पान वाढायचं थांबणार नाही, नाव घ्यायचं थांबणार नाही, आणि देवीचा कोप होईल असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. कुणाला या गोष्टी पटत नसतील, तर त्यानेही ते सरळ सांगावं. मग ते घर मोजणीतून कमी होईल आणि बाकीच्यांना आपला आकडा कळेल. सर्वांत वाईट म्हणजे हो म्हणायचं आणि द्यायचं नाही, कारण त्या भरवशावर सामान आणलेलं असतं.

एवढं झालं तरी दोन-तीन घरं कुजबुजत होती, की 1,500 जास्त होतात, भाज्या पाचाच्या तीन करा, दक्षिणा कमी करा, थोरल्या घराला तरी एवढं काय जड आहे. तेव्हा काकी उठल्या. त्या सहसा बैठकीत बोलत नाहीत.

इथे आम्हांला एक सांगायला हवं. काकी आमच्या गटाच्या सभासद आहेत. भाद्रपदात त्यांनी गटातून पाच हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं, कारण लिहिलं होतं "घरखर्च". वही आमच्याच हातची, तरी तारीख पाहूनही आम्हांला कळलं नाही. दिवाळीआधी कळलं तेव्हा आम्ही त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "खर्च सांगा, कर्ज सांगू नका." गटातल्या कर्जाची गोष्ट सभासदाच्या परवानगीशिवाय बाहेर न्यायची नसते, घरातसुद्धा नाही. म्हणून आमच्या सगळ्या बोलण्यात तो शब्द कुठेही आला नाही.

पण त्या दिवशी काकी स्वतःच म्हणाल्या, "गटातून पाच हजार काढले होते मी. शेकडा दोन टक्के महिना. दहा हप्ते आहेत, दोन फिटलेत." मग त्या खाली बसल्या.

कुणी काही बोललं नाही. आम्ही मनातल्या मनात हिशेब केला. दर महिन्याला पाचशे मुद्दल, पहिल्या महिन्याला शंभर व्याज, मग नव्वद, मग ऐंशी, असं दहा महिन्यांत साडेपाचशे रुपये व्याज. आपल्या सगळ्यांच्या आजी-आजोबांच्या नावाने वाढलेल्या पानांचं व्याज एक विधवा बाई जूनपर्यंत भरत राहणार होती, आणि आपण तिला खीर छान झाली म्हणून सांगून घरी गेलो होतो.

धाकटे काका म्हणाले, की पहिल्या हप्त्यातून आधी वहिनींचं कर्ज फेडू. काकींनी मान हलवली. "मागचं नको. ते मी घेतलं, मी फेडीन. पुढचं करा." आम्हांलाही ते बरोबर वाटलं. मागचं उकरायला गेलो असतो तर कुणी दहा वर्षांपूर्वी गणपतीला काय दिलं इथपर्यंत गोष्ट गेली असती, आणि वही पहिल्याच पानावर बंद पडली असती.

शेवटी एक वर्ष करून पाहायचं ठरलं. रक्कम 1,500 च राहिली. बारा घरांनी तिथेच होकार दिला, दोन घरांनी विचार करून सांगतो म्हटलं. पावतीपुस्तक दोन प्रतींचं घेतलं आहे, एक प्रत देणाऱ्याला आणि एक वहीला. खर्चाची प्रत्येक चिठ्ठी वहीला टाचायची आणि सर्वपित्रीनंतर आठ दिवसांत हिशेब ग्रुपवर टाकायचा. वही लिहायचं काम आमच्याकडे आलं आहे. पण पैशाला आमचा हात लागणार नाही. लिहिणारी वेगळी आणि सह्या करणारी वेगळी, हा गटातला नियम इथेही ठेवला आहे.

तुळशीचं लग्न झालं. त्या दिवशीपर्यंत दहा घरांचे साडेसात हजार आले. एकाने दोन नारळ आणि तीन किलो तांदूळ आणून ठेवले, तेही भाव लावून लिहिले. होकार दिलेल्या बारांतल्या दोन घरांकडे जायचं आहे. विचार करतो म्हणालेल्या दोन घरांकडे मात्र आम्ही जाणार नाही, त्यांना वेळ द्यायचा आहे.

वहीच्या पहिल्या पानावर खर्चाची पहिली नोंद झाली. देव्हाऱ्यातलं तेल, एक लिटर. काकी चिठ्ठी घेऊन स्वतः आल्या होत्या, लिहून होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि आकडा बरोबर आहे ना ते वाकून पाहून गेल्या.